‘तुमची आठवण येते’ हा मेल नको

आज एकाच ईमेलबद्दल बोलूया. माझा घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा छोटा धंदा आहे. दर २ महिन्यांनी ५ लिटरचा कॅन मागवणाऱ्या एक ताई अचानक थांबल्या. ५ महिने ऑर्डरच नाही, म्हणजे गिऱ्हाईक गेलं असं मी धरतो.

आधी मी सगळ्यांना एकच मेल टाकायचो, ‘तुमची आठवण येते, २० टक्के सूट!’ काही जण यायचे, पण मग पुढच्या सुटीची वाट बघत बसायचे. म्हणजे सवय मीच लावली ना! शेवटी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “अरे, मुलं हॉस्टेलला गेली. दोघांना ५ लिटर संपत नाही, तेल खवट होतं.” भावाचा प्रश्न नव्हताच.

मग १ लिटरची बाटली काढली आणि मेल लिहिला. विषय: ‘आता १ लिटरची बाटलीही’. आत: ‘ताई, मोठा कॅन उरतो असं तुम्ही म्हणालात. आता छोटी बाटली आहे, तेल कधी काढलं ती तारीखही वर छापलीय. मेल नको असतील तर कळवा, थांबवतो.’ खाली ऑर्डरचं एकच बटण.

हाच मेल, फोनची ओळ काढून, फक्त कॅन घेणं थांबवलेल्यांना पाठवला. डिलिव्हरी उशिरा आली म्हणून चिडलेल्यांना छोट्या बाटलीचं काय कौतुक? दोनदा पाठवूनही ज्यांनी उघडला नाही, त्यांना यादीतून काढलं. नाहीतर आपले मेल हळूहळू सगळ्यांकडेच स्पॅममध्ये जायला लागतात.

ताईंची ऑर्डर तिसऱ्या दिवशी आली. एकच बाटली, पूर्ण भावात.