बायोडेटात रेटिंग कसं लिहाल?



पार्सल पोचवण्याचं काम सोडून
तुम्ही ऑफिसात अर्ज करताय?
मग बायोडेटात नुसतं ‘डिलिव्हरी’ लिहू नका.
केलेलं काम लिहा, पुरावा ठेवा.

रेटिंग पाचपैकी किती, ते लिहा.
किती महिन्यांचं, तेही लिहा.
आयडी बंद होण्याआधीच
ॲपमधल्या रेटिंगचा स्क्रीनशॉट काढा.
नंतर ते दिसेलच असं नाही.

‘ग्राहकांशी चांगलं बोलतो’ हे मोघम झालं.
त्याऐवजी असं लिहा:
‘पत्ता चुकीचा असल्यास ग्राहकाला फोन करून
त्याच दिवशी पार्सल पोचवलं.
रोख रकमेचा हिशेब रोज दिला.’
फोन, वेळ आणि पैसे तुम्ही सांभाळता,
हे यातून ऑफिसला कळतं.

ग्राहकांची नावं, नंबर मात्र देऊ नका.

पुन्हा सांगते:
केलेलं काम लिहा, पुरावा ठेवा.