रिले म्हणजे व्हीपीएन नव्हे



संमेलनाच्या अध्यक्षानं आपल्या नेटवर्कच्या व्यवसायाच्या भूत-वर्तमान-भविष्याचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. तो मी आज मोडणार आहे, कारण गिऱ्हाईक आपल्याला रोज जो एक प्रश्न विचारतं, त्याचं उत्तर आपल्यापैकी बरेच जण अर्धवट देतात. प्रश्न असा: ‘माझ्या आयफोनमध्ये प्रायव्हेट रिले चालू आहे, मग आता व्हीपीएन कशाला?’ आपण घाईत ‘एकच आहे हो ते’ किंवा ‘रिलेत काही दम नाही’ असं सांगून मोकळे होतो. दोन्ही उत्तरं चुकीची आहेत.

ॲपलनं ही सोय जून 2021 मध्ये जाहीर केली आणि आयओएस 15 बरोबर ती बीटा म्हणून लोकांच्या हाती आली. आयक्लाउडचे पैसे भरणाऱ्यांनाच ती मिळते. तिची रचना मला मनापासून आवडते, म्हणून आधी तीच सांगतो. पाकिटात पाकीट घालावं तशी ही युक्ती आहे. तुमचा फोन मागणी दोनदा बंद करतो. बाहेरचं पाकीट ॲपलच्या पहिल्या रिलेकडे जातं. त्याला तुमचा आयपी पत्ता दिसतो, पण आतलं पाकीट त्याला उघडता येत नाही, म्हणून तुम्ही कुठल्या साइटवर निघालात ते त्याला कळत नाही. आतलं पाकीट उघडतो दुसरा रिले. तो ॲपलचा नसतो. क्लाउडफ्लेअर, ॲकामाय, फास्टली अशा कंपन्या तो चालवतात. त्याला साइटचं नाव दिसतं, पण मागणी कुणाच्या पत्त्यावरून आली ते दिसत नाही. साइटला दिसतो तो या दुसऱ्या रिलेचा पत्ता. दुसऱ्या रिलेला तुमचा साधारण भाग तेवढा सांगितला जातो, म्हणजे त्या भागाशी जुळणारा पत्ता त्याला वापरता येतो.

म्हणजे ‘कोण’ एकाकडे आणि ‘कुठे’ दुसऱ्याकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. व्हीपीएनमध्ये अशी फाळणी नसते. तिथे दोन्ही गोष्टी एकाच कंपनीच्या एकाच सर्व्हरवर येऊन पडतात. एवढ्या मुद्द्यावर पाहिलं, तर रिलेची रचना बहुतेक व्हीपीएनपेक्षा सरस आहे, हे आपण मान्य केलं पाहिजे.

पण रिले झाकतो काय? सफारीतली सगळी वाहतूक, फोनवरून होणाऱ्या डीएनएसच्या विचारणा, आणि ॲपमधून बिनकुलपाची, म्हणजे साध्या एचटीटीपीची जी थोडी वाहतूक उरली असेल ती. बस्स. क्रोम नाही, व्हॉट्सॲप नाही, बँकेचं ॲप नाही. लोकांची समजूत इथेच चुकते, म्हणून एक उदाहरण सावकाश चालवून पाहू.

समजा साताऱ्यात एक वकीलबाई आहेत. त्यांचा एक अशील कर्करोगाच्या उपचारांवर आहे. रात्री घरच्या ब्रॉडबँडवर त्या सफारी उघडतात आणि एका रुग्णालयाची साइट वाचतात. ब्रॉडबँडवाल्याला काय दिसतं? या घरातून ॲपलच्या रिलेकडे कुलूपबंद वाहतूक गेली, किती वाजता गेली आणि किती गेली, एवढंच. रुग्णालयाचं नाव त्याला दिसत नाही. रुग्णालयाला दिसतो रिलेचा पत्ता. त्यावरून फार तर परिसर कळेल, घर नाही. इथवर झाकण चोख आहे. मग बाई त्याच साइटवर अशिलासाठी वेळ घ्यायला आपला मोबाइल नंबर भरतात. आता रुग्णालयाला त्या कोण आहेत हे कळलं, आणि त्याला अडवणं ना रिलेच्या हातात आहे ना व्हीपीएनच्या. साइटनं ठेवलेली कुकी, लॉगिन, परवानगी देऊन सांगितलेलं ठिकाण या सगळ्या गोष्टी पत्त्याच्या पलीकडच्या आहेत.

आता त्या फोन न बदलता त्याच रुग्णालयाचं ॲप उघडतात. ॲपनं सर्व्हरचं नाव विचारलं ती डीएनएसची विचारणा रिलेमार्गे, झाकून गेली. उत्तर आलं. आणि मग ॲपनं जोडणी केली ती थेट, रिलेला वळसा घालून. जोडणी सुरू करताना टीएलएसच्या पहिल्याच निरोपात सर्व्हरचं नाव उघड्यावर लिहिलेलं असतं. ते झाकण्याची पद्धत निघाली आहे, पण अजून सगळीकडे पोचलेली नाही. म्हणजे जे नाव विचारताना लपवलं, तेच पुढच्या क्षणी बाहेरच्या बाजूला छापून गेलं. ब्रॉडबँडवाल्याला रुग्णालय कळलं, रुग्णालयाला घरचा खरा पत्ता कळला. आतला मजकूर अर्थातच कुलपात आहे, पण ‘या घराचा या रुग्णालयाशी संबंध आहे’ ही बातमी तर बाहेर पडलीच.

यावर विश्वास बसत नसेल तर दोन मिनिटांत तपासता येतं. एकाच फोनवर, एकाच वायफायवर, आयपी पत्ता दाखवणारं पान आधी सफारीत उघडा, मग क्रोममध्ये. रिले चालू असेल तर दोन वेगळे पत्ते दिसतात. आणि तुमच्या स्वतःच्या नेटवर्कवर वायरशार्क लावून हा फिल्टर टाका:

```
tls.handshake.extensions_server_name
```

फोनवरची ॲप एकामागून एक उघडत जा. नावांची रांग डोळ्यांसमोर लागते.

हीच संध्याकाळ व्हीपीएन लावून पुन्हा काढू. आता साइट आणि ॲप दोन्ही बोगद्यातून जातात. ब्रॉडबँडवाल्याला फक्त व्हीपीएनचा सर्व्हर दिसतो. रुग्णालयाला दोन्ही वेळा व्हीपीएनचा पत्ता दिसतो. व्याप्तीच्या बाबतीत व्हीपीएन जिंकला. पण व्हीपीएन कंपनीला बाईंचा घरचा पत्ता माहीत आहे, पैसे कुठल्या कार्डानं भरले ते माहीत आहे, आणि त्या कुठल्या सर्व्हरकडे गेल्या तेही दिसतं. ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ हे वाक्य मग विश्वासावर घ्यायचं. काही कंपन्यांनी बाहेरच्या लेखापरीक्षकांकडून तपासणी करून घेतली आहे. ज्यांनी केलेली नाही, त्यांच्या जाहिरातीवर मी तरी भरवसा ठेवणार नाही. फुकट व्हीपीएनबद्दल तर बोलायलाच नको.

आपल्या देशात या विश्वासाला कायद्याचीही एक बाजू आहे. सर्ट-इननं 28 एप्रिल 2022 रोजी निर्देश काढले. व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पडताळलेला पत्ता, संपर्क, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि सेवा कशासाठी घेतली, हे सगळं ग्राहक सोडून गेल्यावरही 5 वर्षं जपावं, असं त्यात आहे. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना यातून वगळल्याचा खुलासा नंतर झाला. यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर हटवले. एक्सप्रेसव्हीपीएननं भारतीय पत्ते ठेवले, पण त्यामागची यंत्रं सिंगापूर आणि ब्रिटनमध्ये नेली. म्हणून ‘भारत’ असं बटण दिसलं की सर्व्हर भारतातच असेल असं गृहीत धरू नका.

रिलेची बाजू घेतली म्हणून त्याच्यातली फट झाकणार नाही. दोन रिले वेगळ्या मालकांचे आहेत, हा सगळ्याचा पाया. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 मध्ये या जाळ्याची मोजणी केली, तेव्हा पहिल्या टप्प्याचे काही पत्ते ॲपलच्या नव्हे, तर ॲकामायच्या जाळ्यात सापडले. आणि ॲकामाय दुसरा टप्पाही चालवतं. कुणी वाहतूक जुळवून पाहिली असा याचा अर्थ मुळीच नाही. पण दोन्ही टोकं ज्याच्या घरातून जातात, त्याला वेळ आणि आकार जुळवून अंदाज बांधता येतो. कागदावरची फाळणी आणि तारांमधली फाळणी यांत अंतर असू शकतं.

आता दोन्ही सोयी कोसळतात कशा, हे आपल्या कामाचं आहे. रिले अडवणं सोपं आहे आणि ॲपलनंच त्याची रीत सांगितली आहे: `mask.icloud.com` आणि `mask-h2.icloud.com` या नावांना तुमच्या डीएनएसनं ‘असं नाव नाही’ असं उत्तर द्यायचं. मग फोन वापरणाऱ्याला सूचना देतो की या नेटवर्कवर रिले चालत नाही. रिले बंद करून पुढे जायचं की दुसरं नेटवर्क घ्यायचं, हे तो ठरवतो. बंद करून पुढे गेला की सफारीची वाहतूक उघडी. काही देशांत, चीन त्यातलाच, ही सोय मुळातच मिळत नाही.

व्हीपीएन कोसळतो तो चोरून. मे 2024 मध्ये टनेलव्हिजन नावाचा हल्ला उघड झाला. वायफायवर बसलेला खोडसाळ माणूस डीएचसीपीच्या 121 क्रमांकाच्या पर्यायातून यंत्राला नेमके मार्ग पाठवतो. ते मार्ग व्हीपीएनच्या मार्गापेक्षा जास्त नेमके असल्यामुळे वाहतूक बोगद्याबाहेरून जाते. व्हीपीएनचं ॲप मात्र ‘जोडलेलं’ असंच दाखवत राहतं. अँड्रॉइड हा पर्याय वाचतच नाही म्हणून वाचलं. मॅकवर शंका आली तर `netstat -rn` चालवा आणि `utun` ऐवजी `en0` कडे जाणारे अनोळखी मोठे मार्ग दिसतात का ते पाहा. शिवाय 2020 मध्ये प्रोटॉननं दाखवून दिलं होतं की आयओएसवर व्हीपीएन लावण्याआधी उघडलेल्या जोडण्या तुटत नाहीत, तशाच बाहेरून चालू राहतात.

म्हणून वकीलबाईंना मी काय सांगेन? घरून साइट वाचायच्या असतील आणि जाहिरातवाल्यांनी पत्त्यावरून माग काढू नये एवढंच हवं असेल, तर रिले पुरे, आणि रुग्णालयाचं काम ॲपमध्ये न करता सफारीतच करा. लॉजच्या वायफायवर सगळ्या ॲपसकट बसायचं असेल तर व्हीपीएन, तोही आधी लावून मग ॲप उघडायची. अमेरिकेतून इथली एखादी साइट भारतीय पत्त्यानं पाहायची असेल तर रिले निरुपयोगी आहे. त्यात देश निवडता येत नाही. आणि दोन्ही एकत्र लावले तर दुप्पट झाकण मिळतं हा समज सोडा. व्हीपीएनच्या बोगद्यातून गेलेली वाहतूक रिलेतून जात नाही.

शेवटी आपल्या स्वतःच्या दाराशी येतो. महाविद्यालयं, रुग्णालयं, पतसंस्था यांची नेटवर्कं आपण सांभाळतो, आणि नोंदींच्या सोयीसाठी आपल्यातले अनेक जण रिले अडवतात. कारण असेल तर अडवा. संस्थेच्या मालकीच्या फोनवर ते एमडीएममधून करता येतं, `allowCloudPrivateRelay` बंद करून. पण पाहुण्यांच्या वायफायवर फायरवॉलमध्ये पॅकेटं गुपचूप गिळू नका. फोन वाट बघत अडकतो, पानं उघडायला वेळ लागतो आणि माणूस तुमच्या नेटवर्कला शिव्या देतो. डीएनएसमधून स्पष्ट नकार द्या, आणि पासवर्ड चिकटवता त्याच कागदावर एक ओळ लिहा की इथे प्रायव्हेट रिले चालणार नाही. दुपारच्या सत्रात या अर्थाचा ठराव मी मांडणार आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी आपली कारणं आणि शक्य असल्यास आपल्या नेटवर्कच्या नोंदी घेऊन यावं.