अकरा घाट, अकरा शब्द

माझी भाची राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेची तयारी करते. एका संध्याकाळी तिने मला मोबाइलवर एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ''मावशी, हे घाट पाठ होतात, पण क्रम राहत नाही.'' फोटो अभ्यासिकेच्या भिंतीवरच्या तक्त्याचा होता. त्यावर सह्याद्रीतले अकरा घाट उत्तरेकडून दक्षिणेकडे या क्रमाने लिहिलेले होते.

आधी तो फोटोच तपासायला हवा होता. यादी दोन रकान्यांत होती, डावीकडे सहा नावं आणि उजवीकडे पाच. भाचीने ती आडवी वाचली होती, त्यामुळे थळनंतर कुंभार्ली आणि माळशेजनंतर आंबा असं होऊन बसलं होतं. शिवाय ट्यूबलाइटची चमक नेमकी एका नावावर पडली होती. तिथे 'आंब' एवढंच दिसत होतं, पुढची मात्रा आणि अक्षरं पुसल्यासारखी झाली होती. अशा वेळी अंदाज करू नये. मी तिला नकाशा उघडायला सांगितला. कसाऱ्यापासून बोट खाली सरकवत प्रत्येक घाट शोध, म्हटलं, आणि सापडला की वहीत त्याचा आकडा घाल. ते अस्पष्ट नाव महाबळेश्वर आणि पोलादपूर यांच्या मध्ये आलं, म्हणजे तो आंबेनळी. यादी अशी तयार झाली: थळ, माळशेज, बोर, ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, करूळ, फोंडा, आंबोली.

आता खरी अडचण. आद्याक्षरं जोडून शब्द करायची सवय सगळ्यांना असते. इथे मात्र आंबेनळी, आंबा आणि आंबोली ही तीन नावं एकाच अक्षराने सुरू होतात. नुसतं 'आं' लक्षात राहिलं, तर परीक्षेत कोणता आंबा कुठला, हे ते अक्षर सांगत नाही. म्हणून या तिघांना अक्षरापेक्षा जास्त काहीतरी द्यायला हवं होतं, त्यांचा दुसरा आवाज: बे, बा, बो.

आम्ही वाक्य केलं ते असं. ''थकलेल्या मामांनी बोरं ताकात वरपली. आंबे कुंडीत, आंबा कपाटात, फोडणीत आंबोळी.'' मोजून पाहा, अकरा शब्द आहेत. थकलेल्या म्हणजे थळ, मामांनी म्हणजे माळशेज, बोरं म्हणजे बोर, ताकात म्हणजे ताम्हिणी, वरपली म्हणजे वरंधा. पुढे आंबे म्हणजे आंबेनळी, कुंडीत म्हणजे कुंभार्ली, आंबा हा आंबाच, कपाटात म्हणजे करूळ, फोडणीत म्हणजे फोंडा आणि आंबोळी म्हणजे आंबोली. वाक्यात 'मग', 'आणि' असा एकही जोडणारा शब्द ठेवला नाही, कारण तो घातला की मोजणीत बारावा शब्द शिरतो आणि नावाविना राहतो.

'कपाटात'च्या जागी पहिल्यांदा 'करंडीत' होतं. करूळशी ते छान जुळत होतं. पण दुसऱ्या दिवशी भाचीने ''आंबे करंडीत, आंबा कुंडीत'' असं म्हटलं. आंबे करंडीत असणंच स्वाभाविक, त्यामुळे मनाने दोन घाटांची अदलाबदल करून टाकली. कुंडी आणि करंडी यांचा आवाजही जवळचा. म्हणून कपाट आणलं. कपाटात एकच आंबा जपून ठेवलेला आणि कुंडीत आंब्यांचा ढीग, ही दोन चित्रं एकमेकांत मिसळत नाहीत.

पाठ झालं की नाही हे म्हणून पाहून कळत नाही. फोटो बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर अकरा आकडे घालायचे आणि वाक्य नाही, घाटांची नावं लिहायची. दहाच नावं आली तर एखादा शब्द गळला आहे. अकरा आली पण दोन उलटसुलट झाली, तर त्या दोन शब्दांची चित्रं कच्ची आहेत, तेवढीच बदलायची. हे त्याच रात्री करायचं, दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी.

या वाक्याची मर्यादाही सांगते. ते क्रम देतं, रस्ता देत नाही. कुंभार्लीने कराड आणि चिपळूण जोडले जातात, आंबा घाटाने कोल्हापूर आणि रत्नागिरी, हे नकाशावरच शिकावं लागतं. शिवाय प्रश्न 'दक्षिणेकडून उत्तरेकडे' असा आला, तर वाक्य उलटं म्हणायला जाऊ नये. कच्च्या कागदावर सरळ लिहून खालून वर वाचावं. मधूनच विचारलं तर पहिले पाच घाट डाव्या हाताच्या बोटांवर आणि पुढचे पाच उजव्या हाताच्या, अकरावा आंबोली मुठीत.

परवा फोनवर मी भाचीला सहज विचारलं, आंबा घाटाच्या लगेच उत्तरेला कोणता? ती क्षणभर थांबली. बोटं मोजत असणार. मग म्हणाली, ''आंब्याच्या आधी कुंडी. कुंभार्ली, मावशी.''