पंचवीस हजारांची मागणी आणि सोसायटीचे पुस्तक

आपल्यातल्या बऱ्याच जणींची मुलं, भाऊ, जावई तारापूर एमआयडीसीत कामाला आहेत. गावातली जागा भावकीत अडकलेली, म्हणून बोईसरला नाहीतर पालघरला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतलेला असतो. घराचे कर्ज कळते, हप्ता कळतो. पण सोसायटी म्हणजे काय ते कळायला बहुतेकदा काहीतरी अडावे लागते.

गेल्या उन्हाळ्यात अशीच एक ताई आमच्याकडे आली. मूळ मनोरकडची, आता बोईसरला तिसऱ्या मजल्यावर राहते. वर गच्ची. यजमान कारखान्यात होते, वर्षापूर्वी वारले. पिशवीतून तिने कागद काढले आणि म्हणाली, "फ्लॅट माझ्या नावावर करायला पंचवीस हजार मागतात. गच्चीतून गळते ते माझे मी करायचे म्हणतात. आणि मीटिंगला गेले तर म्हणाले, तुमचे नाव नाही, तुम्ही बसू नका."

आम्ही तिला आधी एकच विचारले, सोसायटीचे उपविधीचे पुस्तक पाहिलेस का? पाहिले नव्हते. उपविधी म्हणजे सोसायटीची घटना म्हणा. शासनाचा एक आदर्श नमुना आहे, सोसायटी तो स्वीकारते आणि निबंधकाकडे नोंदवते. कमिटी त्याच्या बाहेर जाऊ शकत नाही. ताईने लेखी अर्ज देऊन प्रत घेतली आणि आम्ही तिच्या ओसरीत बसून वाचली. पाने किचकट आहेत, पण तिच्या तिन्ही गोष्टींची उत्तरे त्यात होती.

आधी पैशाचे. पंचवीस हजार हा आकडा कुठून आला? कोणी फ्लॅट बाहेरच्या माणसाला विकला तर सोसायटी हस्तांतरण प्रिमियम घेऊ शकते. शासनाने २००१ साली त्याला कमाल मर्यादा घातली. महानगरपालिकेच्या हद्दीत २५ हजार, नगरपालिकांत वर्गाप्रमाणे २० हजार, १५ हजार किंवा १० हजार, आणि ग्रामपंचायत हद्दीत ५ हजार. ताईची इमारत बोईसर ग्रामपंचायतीत. म्हणजे विक्री असती तरी ५ हजारांच्या वर जाता आले नसते. २५ हजार वसई-विरारकडचा आकडा, कोणीतरी ऐकून इकडे आणला. देणगी, विकास निधी असे नाव देऊनही वरचे पैसे मागता येत नाहीत.

आणि ही विक्री नव्हतीच. कुटुंबातल्या माणसाच्या नावावर, वारसाच्या किंवा नामनिर्देशिताच्या नावावर फ्लॅट होत असेल तर प्रिमियम मुळीच लागत नाही. हस्तांतरण फी ५०० रुपये आणि प्रवेश फी १०० रुपये, एवढेच. पंचवीस हजार कुठे, सहाशे कुठे!

आता नाव कसे लावायचे? यजमानांनी हयातीत सोसायटीकडे नामनिर्देशनाचा फॉर्म भरला होता, त्यात ताईचे नाव होते. हे नशीब. मृत्यूचा दाखला जोडून तिने अर्ज दिला की सोसायटी तिला तात्पुरती सभासद करते. इथे एक गोष्ट नीट ऐका. नामनिर्देशन झाले म्हणजे फ्लॅटची मालकी आली असे नाही. मालकी वारसांची. पक्के सभासदत्व मिळायला वारस दाखला, उत्तराधिकार प्रमाणपत्र, मृत्युपत्र किंवा सगळ्या वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा लेख, यांतले काहीतरी लागते. ताईची दोन्ही मुले सज्ञान होती, त्यांनी असा लेख करून दिला. फॉर्मच भरलेला नसता तर वर्तमानपत्रात नोटीस देऊन हरकती मागवायच्या, मग पुढचे. वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात. मैत्रिणींनो, आज संध्याकाळी घरी विचारा, फॉर्म भरलाय का, आणि भरल्याची पोच कुठे आहे.

मीटिंगचे उत्तरही यातच आहे. तात्पुरत्या सभासदालाही मताचा हक्क आहे. मत एका सभासदाला एकच, दोन फ्लॅट असले तरी. आपल्या बचत गटासारखेच. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर पहिले नाव ज्याचे त्याने मत द्यायचे, तो हजर नसेल तर दुसऱ्याने. पण "माझ्या वतीने मुलाला पाठवते" हे चालत नाही. मुखत्यारपत्र दिले तरी नाही. ताई सुरुवातीला मुलालाच पाठवत होती, म्हणून तिचे मत कधी मोजलेच गेले नाही.

आता गळती. भांडणाचे खरे मूळ हेच असते. फ्लॅटच्या आतले, म्हणजे आपल्या मोरीचे, संडासाचे, आतल्या नळाचे गळते ते सभासदाने दुरुस्त करायचे. खालच्या घरी पाणी गेले तरी. पण गच्ची, कठडा, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप, टाकी, जिना हे सोसायटीचे. वरच्या मजल्याच्या घरात पावसाचे पाणी गच्चीतून येऊन छताचे प्लॅस्टर पडले, तर ते प्लॅस्टरही सोसायटीने आपल्या खर्चाने करायचे, असे उपविधीत वेगळे लिहिलेले आहे. पाणी कुठून येते ते कसे ओळखायचे? ताईच्या घरी पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत डाग सुकायला लागे, आणि उन्हाळ्यात छत कोरडे. म्हणजे गच्चीच. डाग बारा महिने ओला राहिला तर पाइपाची शंका घ्यायची. तिने डागांचे फोटो काढून तारखेसह अर्जाला जोडले.

कमिटी म्हणाली, पैसे नाहीत. मग आम्ही बिल उघडले. ताईचे बिल महिन्याला १,००० रुपये. दुरुस्ती निधी ३७५, सिंकिंग फंड १२५, सेवा खर्च ४००, पाणी १००. दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का असतो. तिच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च ६ लाख धरलेला, म्हणून वर्षाला ४,५००, महिन्याला ३७५. सिंकिंग फंड पाव टक्का, तो मोठ्या कामासाठी राखून ठेवायचा. सेवा खर्च, म्हणजे झाडूवाला, जिन्याचा दिवा, हिशेबतपासणी, हा सगळ्या फ्लॅटना सारखा. सोळा फ्लॅट, म्हणून ६,४०० भागिले सोळा. दुरुस्ती निधी तर दर महिन्याला जमत होता. तो कुठे गेला, हे सभेत विचारायचे ठरले.

ताईची चूकही होती, ती सांगायला हवी. गळतीच्या रागात तिने सहा महिने बिल भरले नाही. ते चालत नाही. गच्ची गळते म्हणून मेंटेनन्स थांबवता येत नाही. थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के सरळ व्याज लागते, आणि सोसायटी निबंधकाकडून वसुलीचा दाखला आणू शकते. तिला मात्र व्याजावर व्याज लावले होते. ६,००० रुपये पूर्ण वर्ष थकले तरी सरळ व्याज १,२६० होते, तिच्या कागदावर सहाच महिन्यांचे दीड हजार होते. सोसायटीने ते दुरुस्त केले, ताईने मुद्दल आणि खरे व्याज भरले आणि पावती घेतली.

सप्टेंबरमध्ये वार्षिक सभा झाली. ताई पहिल्या रांगेत बसली होती, सोबत फोटो आणि पुस्तक. दुरुस्ती निधीचे पैसे बँकेत होते, कोणी मागितलेच नव्हते. गच्चीचे काम पाऊस संपल्यावर करायचा ठराव झाला, आणि दिवाळीच्या आधी वॉटरप्रूफिंग झाले. प्लॅस्टरचे काम तेवढे अजून बाकी आहे. ताईने त्यासाठी परवा दुसरा अर्ज दिला, पोच घेऊन.