हस्तांदोलनांचा हिशेब



समजा, येथे जमलेल्या ९ वर्गमित्रांपैकी प्रत्येकजण म्हणाला, “मी आमच्यात ५ वेळा हस्तांदोलन केले.” कोणाची तरी मोजणी निश्चित चुकली आहे. प्रत्येक हस्तांदोलन दोघांच्या हिशेबात एकेकदा येते; म्हणून सर्वांच्या आकड्यांची बेरीज हस्तांदोलनांच्या दुप्पट, अर्थात सम असलीच पाहिजे. येथे ती ४५ होते. (दोघांनी दोनदा हात मिळवला तर, हे मुले दरवर्षी विचारतात. हरकत नाही, दोघांच्याही हिशेबात दोन मांडले जातात.)

त्या बेरजेतून सम आकडे वगळले, तरी उरलेल्या विषम आकड्यांची बेरीज समच राहते. विषम आकडे दोन-दोन मिळूनच सम होतात, एखादा एकटा उरला की बेरीज विषम. म्हणून विषम आकडा सांगणाऱ्यांची संख्या नेहमी सम असते.

ऑयलरने १७३६ च्या निबंधात कोनिग्जबर्गच्या ७ पुलांबाबत हेच नोंदवले. भूभाग म्हणजे व्यक्ती, पूल म्हणजे हस्तांदोलन. बेटाला ५ पूल, इतर तीन भूभागांना प्रत्येकी ३. बेरीज १४, आणि विषम भूभाग चार.

मात्र बेरीज सम आली म्हणून सर्वांची मोजणी बरोबर ठरत नाही. दोघांनी एकेक हस्तांदोलन विसरले, तरीही ती समच येते.