पावडरीची कुपी आणि तिचे पाणी
(वरणगाव येथे पाड्यांवरील लसीकरणात मदत करणाऱ्या स्वयंसेवकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



31 जानेवारी 2021 ला आपल्याच राज्यात, यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात, पोलिओच्या थेंबांऐवजी बारा बाळांच्या तोंडात सॅनिटायझर गेले. सुदैवाने ती बरी झाली. सीरियातील इदलिब भागातली बाळे मात्र वाचली नाहीत. सप्टेंबर 2014 मध्ये तिथे गोवराची लस टोचल्यावर पंधरा बालके दगावली. लस चांगलीच होती, चूक होती तिच्या पाण्यात.

गोवर-रुबेलाची लस कुपीत, म्हणजे व्हायलमध्ये, कोरड्या पावडरीच्या रूपात असते. ती विरघळवायला सोबत अँप्यूल येते, तिला विद्रावक म्हणतात. इदलिबला विद्रावकाऐवजी अॅट्राक्युरियम वापरले गेले. शस्त्रक्रियेत स्नायू सैल करणारे हे औषध श्वासाचे स्नायूही थांबवते. तेही फ्रिजमध्येच ठेवतात, आणि दोन्ही अँप्यूल दिसायला सारख्या होत्या. आकार व रंग पाहून हात उचलला गेला, नाव वाचले गेले नाही.

म्हणून नर्सताईंजवळ बसाल तेव्हा अँप्यूल फोडण्याआधी लेबल मोठ्याने वाचायची विनंती करा, आणि तुम्हीही सोबत वाचा.

पहिले, विद्रावक. गोवर-रुबेलाला निर्जंतुक पाणी लागते, बीसीजीला सलाइन. दोघांची अदलाबदल चालत नाही. लस ज्या कंपनीची, विद्रावकही तिचेच हवे. दोन्ही लेबलांवरची नावे जुळवा.

दुसरे, ताकद. ती पाण्याच्या मापावर ठरते. दहा डोसच्या कुपीत 5 मिली पाणी घालतात, म्हणजे प्रत्येक बाळाला 0.5 मिली. पाच डोसच्या कुपीला 2.5 मिलीच लागते. तिच्यात सवयीने 5 मिली घातले, तर प्रत्येक बाळाला अर्धीच लस मिळेल. बाळ रडेल, कार्डावर खूणही होईल, पण संरक्षण अपुरे राहील, आणि कोणाला कळणारही नाही.

तिसरे, टोचण्याची जागा. गोवर-रुबेला त्वचेखाली, उजव्या दंडात देतात. बीसीजी त्वचेच्या आतल्या थरात, डाव्या दंडात देतात, आणि तिथे लगेच छोटी फुगवटी येते. ती दिसली नाही तर सुई खोल गेली असे समजा. मग पुढे तिथे गळू होऊ शकते किंवा काखेत गाठ येऊ शकते.

लस कालवल्याची वेळ कुपीवर लिहिलेली हवी. चार तासांनंतर उरलेली लस वापरायची नाही. तिच्यात जंतू वाढू शकतात, पाड्यावर किती बाळे उरली आहेत हे जंतू पाहत नाहीत.

लेबल पुसट असेल, फाटलेले असेल किंवा अक्षर लागत नसेल, तर ती कुपी बाजूला ठेवायला सांगा. इंजेक्शन देणे आपले काम नाही. पण दुसऱ्या जोडीच्या डोळ्यांनी वाचणे आपल्याला जमते. त्या दिवशी पाड्यावरची आई पुन्हा चालत आली तरी चालेल, चुकीच्या कुपीतली लस मात्र परत काढता येत नाही.