मेणबत्ती, भिंग आणि पडदा
10 सेंटीमीटर नाभीय अंतराच्या, म्हणजे समांतर किरणांना तेवढ्या अंतरावर एकत्र आणणाऱ्या, बहिर्वक्र भिंगापासून 15 सेंटीमीटरवर मेणबत्ती ठेवली असता, पलीकडे 30 सेंटीमीटरवरील पडद्यावर ज्योतीची दुप्पट उंचीची उलटी प्रतिमा मिळते. वस्तूचे अंतर वातीपासून भिंगाच्या मध्यापर्यंत मोजून, ते प्रकाशाच्या दिशेविरुद्ध असल्याने उणे 15 असे नोंदवावे. जाड मेणबत्तीच्या कडेपासून मोजून 14 लिहिल्यास सूत्राने प्रतिमा 35 सेंटीमीटरवर येते आणि विद्यार्थी विनाकारण पडद्याला दोष देतात. मेणबत्ती जळून ज्योत खाली येते तशी प्रतिमा पडद्यावर वर चढते, आणि उलटेपणाचा याहून बोलका पुरावा वर्गात क्वचितच दाखवता येतो.